पंधरा वर्षांनंतरचे सोळा हजार

भुसावळचे माझे मामा रेल्वेतून निवृत्त व्हायला दोन महिने राहिले होते. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा त्यांनी पेन्शनच्या कागदांची फाईल उघडली आणि एका पाठकोऱ्या कागदावर मांडलेली वजाबाकी माझ्यापुढे सरकवली. वर लिहिलं होतं २८,८०,०००. खाली १५,७३,२४८. आणि रेघेखाली, दोनदा गिरवलेलं, १३,०६,७५२.

"एवढे पैसे सरकार माझ्याकडून जास्तीचे घेणार," मामा म्हणाले. "तू कॉलेजात हेच शिकवतेस ना? मग सांग, पेन्शन विकू की नको?"

पेन्शन विकणं हा नोकरदारांचा शब्द. सरकारी मराठीत त्याला अंशराशीकरण म्हणतात आणि कार्यालयात सगळे कम्युटेशन म्हणतात. केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शन योजनेतल्या कर्मचाऱ्याला निवृत्त होताना आपल्या मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग सरकारला विकता येतो. त्याबदल्यात एकरकमी पैसे मिळतात आणि पुढची १५ वर्षं तेवढा भाग दरमहा पेन्शनमधून कापला जातो. पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. पूर्वी ती कधीच पूर्ववत होत नसे. 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८६ मध्ये दिलेल्या निकालामुळे पंधरा वर्षांची ही मर्यादा पक्की झाली.

मामांची मूळ पेन्शन ४०,००० रुपये ठरली होती. तिचे ४० टक्के म्हणजे १६,०००. वर्षाचे झाले १,९२,०००. याला नियमांच्या कोष्टकातल्या एका आकड्यानं गुणायचं. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा पुढचा वाढदिवस एकसष्टावा असतो, म्हणून त्याच्यासाठी एकसष्टसमोरचा आकडा घेतात: ८.१९४. गुणाकार केला की १५,७३,२४८ रुपये येतात. उलट बाजूला कपात आहे, दरमहा १६,००० प्रमाणे १८० महिने, म्हणजे २८ लाख ८० हजार. मामांनी एकातून दुसरं वजा केलं होतं.

त्यांच्या वजाबाकीत आकड्याची चूक नव्हती. चूक होती ती दोन वेगळ्या काळांतले रुपये एकाच रेघेवर मांडण्यात. पुढच्या महिन्यात कापले जाणारे १६,००० आणि मामा पंच्याहत्तरीला पोचतील तेव्हा कापले जाणारे १६,००० त्यांनी एकाच किमतीचे धरले होते. डॉलर आणि रुपये थेट एकमेकांतून वजा करत नाहीत, आधी एका चलनात आणतात. आजचा रुपया आणि पंधरा वर्षांनंतरचा रुपया यांचंही तसंच आहे.

हे आपल्या पेढ्यांवर शतकानुशतकं माहीत होतं, आणि त्याला मराठीत शब्दही आहे, वटाव. व्यापारी मुदती हुंडी घेऊन सराफाकडे जाई. हुंडीवर लिहिलेली रक्कम तीन महिन्यांनी मिळणार असे, पण व्यापाऱ्याला पैसे आज हवे असत. सराफ हुंडी ठेवून घेई आणि थोडी कमी रक्कम हातावर ठेवी. जे कमी केलं तो वटाव. चेक वटला, हुंडी वटवली, हे आपण आजही म्हणतो. वाणिज्य शाखेच्या मुलांना मी वर्तमान मूल्य शिकवते तेव्हा इथूनच सुरुवात करते, कारण पुस्तकातलं सूत्र पाठ असलेल्या मुलालाही सराफानं पैसे का कापले हे विचारलं की विचार करावा लागतो.

सराफ पैसे का कापतो, हे एकाच रकमेवर पाहू. समजा वर्षभरानं तुम्हाला १ लाख रुपये मिळणार आहेत, आणि देणारा पक्का आहे, बुडवणारा नाही. तुमच्या हाताशी ८ टक्के व्याज देणारी तितकीच पक्की जागा आहे. तर आज किती रुपये तिथे ठेवले की वर्षभरानं बरोबर १ लाख होतील? ज्या रकमेला १.०८ नं गुणल्यावर १ लाख येतात ती, म्हणजे १,००,००० भागिले १.०८. उत्तर ९२,५९३ रुपये. वर्षभरानंतरच्या एक लाखाची आजची किंमत ही. यापेक्षा जास्त रक्कम आज कोणी देऊ केली तर घ्यावी, कमी दिली तर वाट पाहावी.

इथे निम्मी मुलं भागाकाराऐवजी वजाबाकी करतात. लाखातून ८ टक्के काढले की ९२,०००, झालं, असं त्यांना वाटतं. चूक ओळखायची रीत सोपी आहे, उत्तर उलट चालवून पाहायचं. ९२,००० वर ८ टक्के व्याज धरलं तर वर्षअखेर ९९,३६० होतात. लाखाला ६४० कमी पडले, म्हणजे उत्तर चुकलं. एका वर्षात ही चूक किरकोळ दिसते, पण वर्षाला ८ याप्रमाणे पंधरा वर्षांचे १२० टक्के वजा करायला गेलात तर लाखाची किंमत शून्याच्याही खाली जाते. आपल्याला मिळणाऱ्या पैशाची किंमत उणे कशी असेल?

मुदत लांबली की तोच भागाकार पुन्हा पुन्हा करायचा. दोन वर्षांसाठी दोनदा, दहा वर्षांसाठी दहादा. ८ टक्क्यांनी दहा वर्षांनंतरच्या लाखाची आजची किंमत ४६,३१९ रुपये होते, पंधरा वर्षांनंतरच्या लाखाची ३१,५२४. सूत्रात एवढंच लिहिलेलं असतं: PV = FV / (1 + r)^n. FV म्हणजे पुढे मिळणारी रक्कम, r एका मुदतीचा दर, n मुदतींची संख्या आणि PV आजची किंमत.

बरेच जण म्हणतात की हे सगळं महागाईमुळे होतं. पंधरा वर्षांनी लाखात काही येणार नाही, म्हणून त्याची किंमत कमी. महागाईचा यात वाटा आहे, कारण व्याजाचे दर ठरताना ती धरली जाते. पण महागाई शून्य असती तरी आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा ठरला असता. आजच्या रुपयातून आज काही करता येतं, बियाणं घेता येतं, कर्ज फेडता येतं, ठेव ठेवता येते. उद्याच्या रुपयासाठी ती संधी सोडावी लागते. वटावाचा दर म्हणजे या सोडलेल्या संधीची किंमत.

मामांच्या कागदाकडे परत येऊ. त्यांच्यापुढे एक रक्कम नव्हती, १८० रकमा होत्या. प्रत्येकीला तिच्या तारखेपासून आजपर्यंत मागे आणायचं आणि मग बेरीज करायची. कपात महिन्याची, म्हणून दरही महिन्याचा घ्यायचा, ८ टक्क्यांचा बारावा भाग, साधारण ०.६६७ टक्के. वर्षाचा दर आणि महिन्यांची संख्या एकत्र घालणं ही परीक्षेतली दुसरी ठरलेली चूक. तीही पकडता येते, कारण मग उत्तर इतकं लहान येतं की १८० हप्त्यांची किंमत जेमतेम बारा-तेरा हप्त्यांएवढी दिसते.

मी मामांना चार हप्ते मागे आणून दाखवले. पुढच्या महिन्यातले १६,००० आज १५,८९४ चे आहेत. पाच वर्षांनंतरचा, म्हणजे साठावा हप्ता १०,७३९ चा. दहा वर्षांनंतरचा ७,२०८ चा. आणि अगदी शेवटचा, एकशे ऐंशीवा, ४,८३८ चा. मामा त्या शेवटच्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या वजाबाकीत त्यांनी तो १६,००० धरला होता.

सगळे १८० हप्ते हातानं मागे आणायला दिवस जाईल. कॉम्प्युटरवरच्या एक्सेलमध्ये एक ओळ पुरते:

```
=PV(8%/12,180,-16000)
```

उत्तर येतं सुमारे १६ लाख ७४ हजार. २८ लाख ८० हजारांची कपात ८ टक्के दरानं आजच्या रुपयात मांडली की एवढी होते. आता ती १५ लाख ७३ हजारांशेजारी ठेवता येते, कारण दोन्ही रकमा आजच्या आहेत. मामांना जो फरक तेरा लाखांचा वाटत होता तो एक लाखाच्या आसपास उरला.

"म्हणजे लाखभर तरी जास्तीचे घेतातच की," मामा म्हणाले.

हा लाख कुठून येतो, ते पाहण्यासारखं आहे. ८.१९४ चं कोष्टक सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ मध्ये लागू झालं. ते करताना ८ टक्के व्याज धरलं होतं, पण केवळ व्याज नाही, मृत्यूचं प्रमाणही धरलं होतं. कारण पेन्शन विकलेला माणूस पंधरा वर्षं पुरी होण्याआधी गेला तर कपात तिथेच थांबते. उरलेली रक्कम कुटुंबाकडून वसूल होत नाही, आणि पत्नीला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन या विक्रीमुळे कमीही होत नाही. बँकेचं कर्ज असं माफ होत नाही. त्यामुळे सरकारच्या बाजूनं पाहिलं तर एकशे ऐंशीवा हप्ता येईलच असं नाही. जो येईलच असं नाही त्याची आजची किंमत आणखी कमी धरायला हवी. वटाव एकदा काळाचा, आणि त्यावर पुन्हा एकदा माणूस हयात असण्याच्या शक्यतेचा.

हे दुहेरी गणित तीनशे वर्षांहून जुनं आहे. एडमंड हॅली हे नाव आपण धूमकेतूमुळे ओळखतो. १६९३ साली त्यानं ब्रेस्लाऊ शहरातल्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमधल्या, जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन कोणत्या वयाची किती माणसं जगतात याचं कोष्टक केलं. मग माणूस हयात असेतो दरवर्षी एक पौंड मिळत राहण्याची आजची किंमत किती, हे त्यानं ६ टक्के व्याजानं वयवार काढलं. साठीच्या माणसासाठी त्याचं उत्तर होतं ७.६०. म्हणजे आज ७.६० पौंड दिले की आयुष्यभर वर्षाला एक पौंड विकत घेतल्यासारखं. या पद्धतीला इंग्रजीत 'इयर्स पर्चेस' म्हणतात, किती वर्षांच्या उत्पन्नाइतकी किंमत. आपल्या कम्युटेशनच्या कोष्टकावरही हाच शब्दप्रयोग आहे. व्याजदर वेगळा, माणसं वेगळी, आयुर्मान तर फारच वेगळं, तरी ७.६० आणि ८.१९४ एकाच घराण्यातले आकडे आहेत. मामांच्या फाईलमधल्या छापील कागदामागे एवढा इतिहास आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

मृत्यूच्या शक्यतेमुळे या व्यवहारात आणखी एक अट आली आहे. निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, त्यानंतर लागते. अट नसती तर प्रकृती ठीक असलेला माणूस पेन्शन विकायला थांबला असता, आणि डॉक्टरांनी काही गंभीर सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आला असता. कोष्टक सर्वसाधारण माणसाच्या आयुष्यावर बेतलेलं आहे. फक्त आजारी माणसंच विकायला आली तर ते कोसळेल.

आता मामांचा प्रश्न नीट विचारता येतो: पंधरा वर्षं जगलो तर हे पैसे मला किती टक्क्यांना पडले? इथे दर आपण घालायचा नाही, शोधायचा. ज्या दरानं १८० हप्त्यांची आजची किंमत बरोबर १५,७३,२४८ येते तो दर. ८ टक्क्यांना ती १६ लाख ७४ हजार होती. दर वाढवला की पुढचे हप्ते जास्त कापले जातात आणि किंमत उतरते. १० टक्क्यांना ती १४ लाख ८९ हजार होते, म्हणजे फार उतरली. ९ टक्क्यांना १५ लाख ७७ हजार, अगदी जवळ. उत्तर ९.०५ टक्क्यांच्या आसपास येतं. पंधरा वर्षं पूर्ण जगणाऱ्या माणसासाठी पेन्शन विकणं म्हणजे साधारण ९ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज, ज्याची बाकी त्याच्या मृत्यूबरोबर संपते.

पेन्शनरांच्या सभांमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते, आणि तीही याच गणितानं तपासता येते. तक्रार अशी की आमचे पैसे पंधरा वर्षांच्या कितीतरी आधी फिटतात, मग कपात पुढे का चालू? कर्मचारी संघटना बारा वर्षांची मर्यादा मागत आल्या आहेत. फिटतात म्हणजे केव्हा, ते मात्र दरावर अवलंबून आहे. व्याज शून्य धरलं तर १५,७३,२४८ रुपये दरमहा १६,००० नं ८ वर्षं २ महिन्यांत फिटतात. ६ टक्के धरलं तर ११ वर्षं ४ महिने लागतात. ८ टक्के धरलं तर १३ वर्षं ४ महिने. त्यानंतरचे दीड-पावणेदोन वर्षांचे हप्ते, जे अर्ध्यात गेले त्यांचा भार उचलतात, असं समजावं. म्हणून या वादात कोणी वर्षांचा आकडा सांगितला की मी आधी दर विचारते. व्याजदर उतरल्यावरही कोष्टक ८ टक्क्यांवरच ठेवायचं का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण आठ वर्षांत पैसे फिटले हे म्हणणं रास्त नाही. ते म्हणणारा माणूस पंधरा लाख रुपये बिनव्याजी वापरायला मागतो आहे.

मामींनी चहा आणला आणि त्यांनी मधेच एक प्रश्न विचारला जो मला माझ्या वर्गात क्वचितच मिळतो. "पण डीए वाढतो त्याचं काय? कापलेल्या भागावरचा डीए पण जातो का?"

जात नाही. महागाई सवलत विक्रीआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर, म्हणजे मामांच्या बाबतीत ४०,००० वरच मिळत राहते. कापले जाणारे १६,००० मात्र पंधरा वर्षं तेच राहतात, महागाई कितीही वाढली तरी. हे गणितासाठी महत्त्वाचं आहे. हप्ता न वाढणारा असेल तर वटावाचा दरही बाजारात बोलला जाणारा, महागाई पोटात असलेला साधा व्याजदर घ्यायचा. हप्ता महागाईबरोबर वाढत असता तर महागाई वगळून उरणारा दर घ्यावा लागला असता. या दोन्हींची सरमिसळ झाली की चांगल्या हिशेबनिसाचंही उत्तर लाखांनी चुकतं, आणि ती चूक उलट चालवूनही सहज सापडत नाही.

कराचाही प्रश्न आहे. सरकारी कर्मचाऱ्याला विक्रीची एकरकमी रक्कम पूर्ण करमुक्त आहे. न विकता दरमहा घेतलेली पेन्शन मात्र करपात्र उत्पन्नात धरली जाते. मामांचं वर्षाचं उत्पन्न नव्या कर व्यवस्थेत कर लागण्याइतकं नव्हतं, म्हणून त्यांना फरक पडत नव्हता. पण ज्याला त्या १६,००० वर २० टक्के कर पडणार होता त्याच्या खिशातून प्रत्यक्षात १२,८०० च जातात. त्या १२,८०० च्या १८० हप्त्यांवर तोच दर शोधला तर ९ टक्क्यांऐवजी साडेपाच टक्क्यांहूनही थोडा कमी येतो. तोच व्यवहार, तेच कोष्टक, आणि एकाला जे महाग ते दुसऱ्याला स्वस्त. कार्यालयात कोणी "विकूनच टाक" किंवा "चुकूनही विकू नकोस" असा सरसकट सल्ला दिला तर तो त्या सांगणाऱ्याच्या कराच्या टप्प्यापुरता बरोबर असू शकतो.

"मग माझा दर कोणता?" मामांनी विचारलं. मला वाटतं, त्या दुपारचा हाच खरा प्रश्न होता. हाती आलेल्या पैशाचं तुम्ही काय करणार, यावर तुमचा दर ठरतो. मामा म्हणाले, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवीन. तिथे तेव्हा ८.२ टक्के मिळत होते. नऊ टक्क्यांनी घेतलेले पैसे ८.२ टक्क्यांवर ठेवण्यात काही मिळत नाही, उलट थोडं जातं. ८ टक्के दर धरून हिशेब केला होता तेव्हा दिसलेला एक लाखाचा फरक म्हणजे हेच. तो लाख देऊन मामा एक प्रकारचा विमा विकत घेत होते. मघाच्या हिशेबाप्रमाणे मामा ७३ वर्षं ४ महिन्यांच्या आधी गेले तर घराला फायदा, त्यापुढे जगले तर तोटा. पाच वर्षांतच गेले तर कपात झाली असती फक्त ९ लाख ६० हजारांची, आणि घरात आले असते १५ लाख ७३ हजार.

हे बोलणं जेवणाच्या पाटावर करायचं नाही म्हणून मामी आत गेल्या. मामा मात्र शांत होते. त्यांचे वडील एक्याण्णव वर्षं जगले, आई अठ्ठ्याऐंशी. मामांना ना साखर, ना रक्तदाब.

मग त्यांनी फाईलमधून दुसरा कागद काढला, जो त्यांनी मला आधी दाखवला नव्हता. पतपेढीचं ४ लाखांचं कर्ज बाकी होतं, १३ टक्क्यांनी. धाकट्याच्या शिक्षणाचं. दरमहा सुमारे ९,१०० चे ६० हप्ते राहिले होते.

इथे हिशेब बदलला. पेन्शनचा १० टक्के भाग, म्हणजे ४,००० विकले तर ३,९३,३१२ रुपये मिळतात. वर ६,७०० घरचे घातले की कर्ज संपतं. एका बाजूला पाच वर्षं ९,१०० वाचणार, दुसऱ्या बाजूला पंधरा वर्षं ४,००० जाणार. नुसत्या बेरजा केल्या तर वाचतात ५ लाख ४६ हजार आणि जातात ७ लाख २० हजार, म्हणजे तोटा दिसतो. मामांच्या मूळ वजाबाकीसारखाच हा चकवा आहे, कारण वाचणारे पैसे जवळचे आहेत आणि जाणाऱ्यांतले बरेचसे लांबचे. दोन्ही बाजू ८ टक्क्यांनी आजवर आणल्या. वाचणाऱ्या हप्त्यांची किंमत ४ लाख ४९ हजार आली. जाणाऱ्यांची ४ लाख १९ हजार आणि घरचे ६,७०० मिळून सव्वाचार लाख. तेवीस-चोवीस हजारांचा फायदा, आणि मामा लवकर गेले तर त्याहून जास्त. फायदा फार मोठा नाही. कर्ज ११ टक्क्यांचं असतं तर तो तीन-चार हजारांवर आला असता, तेही मी त्यांना करून दाखवलं. ९ आणि ११ मध्ये दोन टक्क्यांचं अंतर दिसतं खरं, पण कर्ज पाच वर्षांत संपणार होतं आणि कपात पंधरा वर्षं चालणार होती. शेवटची दहा वर्षं महागाचे पैसे वापरल्यासारखी जातात आणि ते अंतर खाऊन टाकतात.

मामांनी आपला पाठकोरा कागद पुन्हा घेतला. गिरवलेला १३,०६,७५२ खोडला आणि त्याखाली दोन ओळी स्वतः मांडून पाहिल्या, ४,०००, बारा, ८.१९४. त्यांच्याबरोबर निवृत्त होणारे एक सहकारी, ज्यांची दोन वर्षांपूर्वी बायपास झाली होती, पूर्ण ४० टक्के विकणार होते, आणि मामांच्या मते ते बरोबर होते. मलाही तसंच वाटलं.

अर्जातल्या रकान्यात मामांनी आधी पेन्सिलीनं ४० लिहून ठेवलं होतं. ते पुसून त्यांनी पेनानं १० लिहिलं.